प्रायमर दहा बेसचा, मग टेलोमिअर पन्नास-शंभरने का आखडतं?

मृण्मयी_सांगली

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवते. डीएनएची प्रत कशी तयार होते हा भाग संपवताना टेलोमिअरपाशी, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाशी आले आणि फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं. डीएनए पॉलिमरेजला कोऱ्या जागेवर सुरुवात करता येत नाही, आधी आरएनएचा छोटा प्रायमर लागतो. तुकड्यातुकड्यांनी बनणाऱ्या लॅगिंग स्ट्रँडवरचा अगदी शेवटचा प्रायमर काढून टाकला की त्याची जागा भरून काढायला मागे काही उरत नाही. म्हणून दर विभाजनाला गुणसूत्राचं टोक थोडं आखडतं. इथवर सगळं सुरळीत होतं.

मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, प्रायमर साधारण दहा बेसचा असतो असं तुम्हीच मागच्या तासाला सांगितलंत. मग पन्नास ते शंभर बेस कमी होतात असं का लिहिलंय? बाकीचे कुठे गेले?" तिच्या शेजारणीने वहीत भागाकार करून ठेवला होता. टेलोमिअर दहा हजार बेसचं धरलं आणि दर वेळी पन्नास गेले, तर पेशीला दोनशे विभाजनं मिळायला हवीत. पण पेशी किती वेळा विभागू शकते त्याची हेफ्लिकची मर्यादा तर पन्नासच्या आसपास सांगतात.

दोन्ही प्रश्न मला फार आवडले आणि दोन्हींचं उत्तर मुलींना नीट मिळावं असं मनापासून वाटतं. इथे या विषयात काम करणारे कोणी आहेत का? नुसतं "असं असतं" नको, बेस कुठे जातात ते हवंय.

---

शिरीष_द

ताई, उत्तर सोपं आहे. शेवटचा प्रायमर अगदी टोकावर बसतोच असं नाही. तो टोकापासून थोडा आत बसला तर टोकापर्यंतचा सगळा भाग कॉपी न होता राहतो. म्हणजे दहा प्रायमरचे आणि उरलेले त्या पलीकडचे. नुकसान लॅगिंग स्ट्रँडचंच, सलग बनणारा लीडिंग स्ट्रँड शेवटपर्यंत व्यवस्थित कॉपी होतो. आणि शरीरातल्या पेशींत टेलोमिअर वाढवणारं टेलोमरेज हे एन्झाइम नसतंच, त्यामुळे ते भरून निघत नाही. एवढं सांगितलं तरी बारावीला पुरे.

---

अभिजित_न

मृण्मयीताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. हाच प्रश्न १९९५ मध्ये योआखिम लिंग्नर, ज्युली कूपर आणि टॉम चेक यांनी 'सायन्स'मध्ये छापून विचारला होता: हा खरंच लॅगिंग स्ट्रँडचा प्रश्न आहे का? मी पीएचडी टेलोमिअरवरच केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिरीषदादा, प्रायमर टोकापासून आत बसतो हे तुमचं बरोबर आहे. पण लीडिंग स्ट्रँड शेवटपर्यंत कॉपी होतो म्हणून तिथे काही बिघडत नाही, हे बरोबर नाही. खरी गोम तिथेच आहे.

पुस्तकातलं चित्र सुरू होतं तेव्हा मूळ डीएनएचं टोक सपाट दाखवतात, म्हणजे दोन्ही स्ट्रँड एकाच ठिकाणी संपतात. आपल्या गुणसूत्रांचं टोक तसं नसतं. माणसाच्या टेलोमिअरमध्ये TTAGGG हीच सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. हा झाला जी-स्ट्रँड. समोरचा सी-स्ट्रँड त्याच्याआधीच संपतो आणि जी-स्ट्रँडचं 3' टोक एकटंच पुढे आलेलं असतं. पेशीनुसार ही लांबी साधारण पन्नास ते काहीशे बेस असते. आपण हिशेबाला शंभर धरू.

आता प्रत काढून पाहा. जी-स्ट्रँड ५०००, सी-स्ट्रँड ४९००.

लीडिंग बाजूला साचा आहे सी-स्ट्रँडचा, म्हणजे ४९०० चा. नवा जी-स्ट्रँड साच्याच्या शेवटापर्यंत अगदी अचूक बनला, एकही बेस सुटला नाही, तरी तो ४९०० चाच होणार. जनक रेणूला असलेली शंभर बेसची शेपटी या प्रतीला मिळतच नाही. शिवाय हे टोक आता सपाट झालं आणि सपाट टोक पेशीला चालत नाही. तुटलेला डीएनएही थोडाफार तसाच दिसतो, त्यामुळे दुरुस्ती यंत्रणा असं टोक दुसऱ्या टोकाला जोडून टाकण्याचा धोका असतो. म्हणून सी-स्ट्रँड मुद्दाम कुरतडून शेपटी परत बनवली जाते. शंभर कुरतडले की सी-स्ट्रँड उरला ४८००.

लॅगिंग बाजूला साचा जी-स्ट्रँडचा, पूर्ण ५००० चा. नवा सी-स्ट्रँड टोकाच्या थोडं आधी थांबला, समजा ४९०० वर, तर शंभरची शेपटी आपोआप तयार झाली. म्हणजे जनक रेणू होता तसाच.

```
जनक         : जी ५००० | सी ४९००
लीडिंग प्रत  : जी ४९०० | सी ४८००
लॅगिंग प्रत  : जी ५००० | सी ४९००
```

लीडिंग प्रतीत शंभर गेले, लॅगिंग प्रतीत काहीच नाही. सरासरी पन्नास. १९९० मध्ये कॅल्व्हिन हार्ली, ब्रूस फुचर आणि कॅरल ग्रायडर यांनी माणसाच्या फायब्रोब्लास्ट पेशींत मोजलं, तेव्हा दर दुप्पटीमागे सरासरी पन्नासच्या आसपासच बेस गेलेले दिसले.

म्हणजे दहा बेसच्या प्रायमरचा यात वाटा लहान आहे. नुकसान किती होणार ते ठरतं शेपटी किती लांब आहे त्यावर. २००० साली जेरी शे आणि वुड्रिंग राइट यांच्या प्रयोगशाळेने वेगवेगळ्या मानवी पेशी घेऊन हे तपासलं. ज्या पेशींत शेपटी लांब, त्यांत टेलोमिअर दर विभाजनाला जास्त आखडत होतं.

---

मृण्मयी_सांगली

अभिजित, किती छान उलगडून सांगितलंत! म्हणजे पुस्तकात जिथे नुकसान दाखवतात त्याच्या नेमकं दुसऱ्या बाजूला ते होतं. पण मग लॅगिंग स्ट्रँडचं चित्र चुकीचंच म्हणायचं का? परीक्षेत तर तेच विचारतात.

---

अभिजित_न

चित्र चुकीचं नाही, ते सपाट टोकाच्या डीएनएसाठी बरोबर आहे. जनकाचं टोक सपाट असेल तर लीडिंग प्रत पूर्ण होते आणि लॅगिंग प्रत प्रायमरएवढी तोकडी राहते. जेम्स वॉटसनने १९७२ मध्ये हा प्रश्न मांडला तो टी७ या जिवाणूभक्षक विषाणूच्या संदर्भात, आणि त्याच्या डीएनएची टोकं सपाटच असतात. तो विषाणू मार्गही वेगळा काढतो. त्याच्या डीएनएची दोन टोकं एकसारखी असतात, त्यामुळे अपुऱ्या प्रती एकमेकींना जोडून लांब माळ बनते आणि मग ती योग्य जागी कापली जाते. आपल्याकडे तेच चित्र माणसाच्या गुणसूत्रावर जसंच्या तसं चिकटवलं गेलं. परीक्षेत मुलींनी पुस्तकातलंच लिहावं, मात्र वर्गात दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढून दाखवा.

---

वामनराव_कुलकर्णी

अभ्यासपूर्ण चर्चा. मी ७१ वर्षांचा आहे, नियमित चालतो, साखर नियंत्रणात आहे. माझा प्रश्न असा की टेलोमिअर वाढवण्यासाठी गोळ्या मिळतात, तर त्या सुरू कराव्यात का? मुलाने रक्ताची तपासणीही करून घेतली. अहवालात माझं 'जैविक वय' ६४ आलं आहे. त्यावर विश्वास ठेवावा का? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

डॉ_केतकी

वामनकाका, तुमचं चालणं आणि साखरेवरचा ताबा यांचा उपयोग कशानेही कमी होत नाही, ते चालूच ठेवा. अहवालाबद्दल सांगते. अशा बऱ्याच तपासण्या पीसीआर पद्धतीने होतात. त्यात टेलोमिअरची लांबी थेट मोजत नाहीत. टेलोमिअरचा सिग्नल आणि दुसऱ्या एखाद्या जनुकाचा सिग्नल यांचं गुणोत्तर काढतात. नमुना कसा साठवला, डीएनए कोणत्या पद्धतीने काढला, यानेही आकडा हलतो. तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला तर वेगळं गुणोत्तर येऊ शकतं. शिवाय एकाच वयाच्या निरोगी माणसांच्या लांबीत इतकी तफावत असते की त्यावरून एका माणसाचं 'जैविक वय' वर्षांत सांगणं मला पटत नाही.

गोळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. शरीरभर टेलोमरेज जागवण्यात धोका आहे. १९९४ मध्ये ट्रॅप ही चाचणी निघाली, तेव्हा तपासलेल्या १०१ कर्करोगाच्या गाठींपैकी ९० मध्ये टेलोमरेज काम करताना सापडलं आणि निरोगी ऊतींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नाही. गोळ्यांनी कर्करोग होतो असा याचा अर्थ नव्हे. पण कर्करोगाच्या पेशीला जे हवं असतं तेच आपण विकत घेऊन खायचं, असा तो सौदा आहे.

---

वामनराव_कुलकर्णी

धन्यवाद डॉक्टर. गोळ्या घेणार नाही.

---

शिरीष_द

डॉ. केतकी, ५० पैकी शून्य म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना? शरीराच्या पेशींत टेलोमरेज नसतं.

आणि अभिजित, हिशेब पटला. पण लॅगिंग बाजूला "काहीच नुकसान नाही" हे जरा सोयीचं वाटतं. शेवटचा प्रायमर नेमका शेपटीच्या मापाचीच जागा सोडून बसेल असं कोण ठरवतं? तो कधी टोकापासून ३०० बेस आत बसला तर?

---

अभिजित_न

शिरीषदादा, दुसरा प्रश्न एकदम वर्मी लागणारा आहे आणि त्याचं बरंचसं उत्तर अगदी अलीकडे मिळालंय.

आधी पहिला. बहुतेक पेशींत टेलोमरेज सापडत नाही हे खरं. पण अस्थिमज्जेतल्या मूळपेशी, चेतवलेल्या लिम्फोसाइट आणि त्वचेच्या खालच्या थरातल्या सतत विभागणाऱ्या पेशी यांत ते थोडं असतं. त्याने आखडणं थांबत नाही, हळू होतं. हे "थोडं" किती महत्त्वाचं आहे ते ज्यांच्यात तेही कमी पडतं अशा लोकांवरून कळतं.

आता प्रायमर. २०२४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या टिटिया द लांगे आणि केंब्रिजचे जोसेफ यील्स यांच्या गटांनी मिळून 'नेचर'मध्ये काम छापलं. परीक्षानळीत शुद्ध प्रथिनांनी प्रत काढायला लावली, तेव्हा दिसलं की नेहमीची यंत्रणा सी-स्ट्रँडचा शेवटचा तुकडा टोकापाशी सुरूच करू शकत नाही, तो आतच सुरू होतो. म्हणजे यंत्रणेच्या भरवशावर सोडलं तर लॅगिंग प्रतीचा सी-स्ट्रँडही दर वेळी जास्त तोकडा होत जाईल. पेशीत तसं होत नाही, कारण सीएसटी नावाचं तीन प्रथिनांचं त्रिकूट नंतर येतं, स्वतःसोबत पॉलिमरेज-आल्फा-प्रायमेज आणतं आणि राहिलेला सी-स्ट्रँड भरतं. लीडिंग बाजूला आधी अपोलो नावाचं एन्झाइम सपाट टोक कुरतडायला सुरुवात करतं, एक्सो१ ते पुढे नेतं, आणि जास्त कुरतडलेलं परत भरायला तिथेही सीएसटीच लागतं. म्हणजे शेपटीचं माप प्रायमर कुठे पडला यावर सोडलेलं नाही, ते नंतर जुळवलं जातं. माझ्या तक्त्यातला ४९०० हा आकडा या सगळ्या उठाठेवीनंतरचा आहे.

यातून टेलोमरेजबद्दलही एक गोष्ट कळते. ते फक्त जी-स्ट्रँड वाढवतं. त्याच्या पोटात स्वतःचा आरएनए असतो आणि माणसात त्यातला ११ बेसचा भाग साचा म्हणून वापरला जातो. शेपटीचं टोक त्या साच्यावर टेकतं, TTAGGG पूर्ण होतं, टोक पुढे सरकतं, पुन्हा टेकतं. सी-स्ट्रँडला ते हातही लावत नाही. कर्करोगाच्या पेशीत टेलोमरेज कितीही असलं तरी सीएसटीने भरणी केली नाही तर सी-स्ट्रँड आखडतच राहतो.

---

रानवारा

वाचनखूण साठवली. पण एका माणसाचं नाव अजून आलं नाही याचं वाईट वाटतं. वॉटसनच्या आधी, १९७१ मध्ये, रशियाच्या अलेक्सी ओलोव्हनिकोव यांनी हे मांडलं होतं, तेही थेट म्हातारपणाशी जोडून. १९६६ मध्ये मॉस्को विद्यापीठात त्यांनी हेफ्लिकच्या प्रयोगांवर व्याख्यान ऐकलं आणि घरी जाताना मेट्रोच्या स्थानकात बोगद्यातून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून त्यांना सुचलं. बोगदा म्हणजे डीएनए, गाडी म्हणजे पॉलिमरेज. गाडीचं नाक आणि पहिलं दार यांच्यात जे अंतर असतं, तेवढ्या जागेची प्रत कधीच निघणार नाही.

गंमत म्हणजे, यात प्रायमर कुठेच नाही. आपण आज ज्याला प्रायमरचा प्रश्न म्हणतो तो त्यांनी यंत्राच्या आकाराचा प्रश्न म्हणून पाहिला होता. आणि अभिजित म्हणतात त्या २०२४ च्या कामात यंत्रणा टोकापाशी सुरूच करू शकत नाही हेच दिसतंय. २००९ चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना मिळालं, ते योग्यच होतं. तरी ओलोव्हनिकोव यांचं नाव वर्गात घ्यायला हवं.

---

मृण्मयी_सांगली

नक्की घेईन. आता दुसऱ्या मुलीचा भागाकार. दोनशे विभाजनं का नाहीत?

---

अभिजित_न

कारण पेशी शून्यावर थांबत नाही, बरीच आधी थांबते. हे आम्ही जेलवर कसं पाहतो ते सांगतो.

पेशीतला डीएनए काढायचा आणि तो हिन्फ-१ आणि आरएसए-१ या दोन कात्र्यांनी बारीक कापायचा. दोघी ठरावीक चार-पाच अक्षरांची जागा दिसली की कापतात. ती जागा TTAGGG च्या रांगेत कधीच येत नाही, म्हणून बाकी जीनोमचा भुगा होतो आणि टेलोमिअर शाबूत राहतं. मग रात्रभर कमी व्होल्टेजवर जेल चालवायचं आणि TTAGGG ओळखणारा प्रोब लावायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की जेल बिघडलंय, कारण रेखीव पट्टा दिसत नाही, वरून खाली पसरलेला काळसर ओघळ दिसतो. एका पेशीत ४६ गुणसूत्रांची ९२ टोकं, प्रत्येकाची लांबी वेगळी, आणि जेलवर तर लाखो पेशी. तरुण फायब्रोब्लास्टचा ओघळ दहा हजार बेसच्या आसपास दाट असतो. त्याच पेशी थकेपर्यंत वाढवल्या की तो खाली सरकतो, पण पाच-सात हजारांच्या आसपास थांबतो. तळाला जात नाही.

याची दोन कारणं. एक म्हणजे कात्री टेलोमिअरच्या नेमक्या सुरुवातीला चालत नाही. तिच्यासोबत आतल्या बाजूचा दोन-चार हजार बेसचा भागही येतो, जो टेलोमिअर नाहीच. म्हणजे दहा हजारांतले सगळे खर्च करता येण्यासारखे नसतातच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पेशीला सरासरीशी देणंघेणं नसतं. ९२ पैकी जी सगळ्यात आखूड आहेत, त्यांच्यावरचं संरक्षक प्रथिनांचं आवरण आधी तोकडं पडतं आणि पेशीला ती तुटलेली टोकं वाटू लागतात. नुकसानीचा इशारा सुरू होतो, पी५३ जागं होतं आणि विभाजन बंद. अशी साधारण पाच टोकं झाली की मानवी फायब्रोब्लास्ट थांबतात असं २०१२ मध्ये रॉजर रेडेल यांच्या गटाने दाखवलं. म्हणजे उरलेल्या ८७ टोकांत भरपूर शिल्लक असताना पेशी थांबते.

मुलीला सांगा, तिचा भागाकार बरोबर आहे, फक्त भाज्य चुकलं. दर विभाजनाला पन्नास आणि पन्नास विभाजनं, म्हणजे खर्च झाले अडीच हजार. दहाचे साडेसात झाले. जेलवर जे दिसतं त्याच्याशी हे ठीक जुळतं.

---

डॉ_केतकी

इथपर्यंत सगळं मान्य. पण पेशी थकणं आणि माणूस म्हातारा होणं यांची सांगड घालताना मी फार सावध असते. मी पशुवैद्यक आहे, उंदरांबरोबर काम केलंय. प्रयोगशाळेतल्या उंदराचं टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतं आणि त्याच्या बऱ्याच ऊतींत टेलोमरेजही चालू असतं. तरी तो दोन-तीन वर्षांत म्हातारा होऊन मरतो. १९९७ मध्ये मारिया ब्लास्को आणि ग्रायडर यांनी टेलोमरेजचा आरएनएच नसलेले उंदीर तयार केले, तर पहिल्या पिढीत काही बिघडलेलं दिसलं नाही. बिघाड नीट दिसायला पुढच्या अनेक पिढ्या लागल्या. मग उंदराचं म्हातारपण टेलोमिअरमुळे आहे असं कसं म्हणायचं?

---

अभिजित_न

उंदराबद्दल तुमच्याशी सहमत. पण माणसाचं शरीर मोठं, आयुष्य लांब आणि टेलोमिअर आखूड. लांब जगणाऱ्या मोठ्या प्राण्याला हा थांबा कर्करोग रोखण्यासाठी लागतो, असा विचार आहे. १९९८ मध्ये सामान्य मानवी पेशींत टेलोमरेजचा टर्ट हा भाग घातला, तर त्या नेहमीची मर्यादा ओलांडून वाढत राहिल्या. त्यामुळे डिशमध्ये तरी टेलोमिअर हेच कारण आहे, नुसती खूण नाही.

---

डॉ_केतकी

डिशमध्ये हो. पण साठीच्या माणसाच्या गुडघ्यात, डोळ्यात, हृदयात काय चाललंय ते डिश सांगत नाही. हृदयाच्या स्नायूपेशी तर जन्मानंतर फारशा विभागतच नाहीत, तिथे प्रत काढताना होणारं नुकसान कुठून येणार? यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही, आणि पुरावाही अजून दोन्हीकडे ओढतोय.

---

स्नेहल_ठाणे

मी विज्ञानाची नाही, पण अभिजितदादांनी लिहिलं की "ज्यांच्यात तेही कमी पडतं अशा लोकांवरून कळतं", ते वाचून थांबले. माझा भाचा २३ वर्षांचा आहे. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कमी आहेत, अस्थिमज्जा रिकामी आहे असं डॉक्टर म्हणाले. अॅप्लास्टिक अॅनिमियाचे उपचार सुरू केले, पण प्रतिसाद नाही. आता ते टेलोमिअरची लांबी तपासायला सांगतायत. नखं लहानपणापासून खडबडीत आहेत, आम्ही कॅल्शियम कमी म्हणून सोडून दिलं होतं. त्याचे आजोबा फुप्फुसं कडक होऊन गेले. याचा टेलोमिअरशी संबंध असतो का? बहीण फार घाबरली आहे.

---

डॉ_केतकी

स्नेहल, आजोबांची फुप्फुसं आणि नखं या दोन्ही गोष्टी रक्तविकारतज्ज्ञांना आजच कळवा. त्यांना कदाचित माहीत नसतील, कारण रक्ताच्या आजारात आजोबांच्या फुप्फुसाचं कोणी सहज सांगत नाही.

---

अभिजित_न

स्नेहलताई, संबंध असू शकतो. निदान डॉक्टरच करतील, मी फक्त ते काय शोधतायत ते सांगतो.

टर्ट, टेलोमरेजचा आरएनए किंवा डीकेसी१ अशा एखाद्या जनुकात दोष असेल तर अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं टेलोमिअर लहानपणापासूनच झपाट्याने संपतं. रक्त रोज नव्याने बनत असल्याने तुटवडा तिथे लवकर दिसतो. त्याच दोषाने दुसऱ्या एखाद्या नातेवाइकाला उतारवयात फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. म्हणून एकाच घरात एकाचं रक्त आणि दुसऱ्याचं फुप्फुस असं दिसतं.

तपासणी फ्लो-फिश पद्धतीने होतेय का ते विचारा. त्यात लिम्फोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट वेगवेगळ्या मोजतात आणि त्याच वयाच्या निरोगी लोकांशी तुलना करतात. लिम्फोसाइटची लांबी त्या वयाच्या खालच्या एक टक्क्यातही बसत नसेल तर संशय बळावतो. फक्त ग्रॅन्युलोसाइट आखूड असतील तर त्यावरून निष्कर्ष काढत नाहीत, मज्जा निकामी होण्याच्या इतर कारणांतही त्या आखडतात. वामनकाकांच्या अहवालातल्या आकड्याशी याची गल्लत करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मज्जा प्रत्यारोपणाचा विषय निघाला आणि भावंडांपैकी कोणी दाता ठरत असेल, तर त्या भावंडाचीही टेलोमिअर आणि जनुक तपासणी आधी करावी लागते. तोच दोष त्यांच्यातही असू शकतो, बाहेरून काही दिसत नसलं तरी. निदान ठरलं तर प्रत्यारोपणाआधीची औषधंही सौम्य ठेवतात, कारण अशा रुग्णांची फुप्फुसं आणि यकृत नेहमीचा मारा सहन करत नाहीत.

---

रानवारा

स्नेहलताई, भाच्याला बरं वाटो. त्यांचं चालू असताना मध्येच विचारतोय म्हणून क्षमस्व, पण मी कृषी शाखेचा, एक शंका राहिली. वनस्पतींतही अशीच शेपटी असते का?

---

अभिजित_न

अॅराबिडॉप्सिसमध्ये पाहिलंय. तिथे जवळपास निम्मी टोकं सपाट असतात आणि कू नावाचं प्रथिन त्यांना झाकून ठेवतं, म्हणून ती कुरतडली जात नाहीत. म्हणजे तिथे जनकाचं टोक सपाट असेल तेव्हा मृण्मयीताईंचं फळ्यावरचं मूळ चित्र लागू पडतं. टेलोमरेजचं जनुक मोडलेल्या अॅराबिडॉप्सिसचं टेलोमिअर दर पिढीला पाचशेच्या आसपास बेसने आखडतं आणि रोपं अनेक पिढ्या तग धरतात.

---

मृण्मयी_सांगली

म्हणजे एकाच तासात दोन चित्रं, एक झाडाचं आणि एक माणसाचं. उद्या मुलींना ५०००-४९०० चा हिशेब देते आणि दुसऱ्या विभाजनानंतरच्या चारही प्रती त्यांच्याकडूनच काढून घेते. जी-स्ट्रँड ४८००, ४९००, ४९०० आणि ५००० असे यायला हवेत ना?

---

अभिजित_न

हो, बरोबर. आणि ५००० वाल्या पेशीचं काय ते मुलींना विचारा. दर पिढीत एक प्रत अशी असते जिचा जी-स्ट्रँड सुरुवातीचाच आहे. त्यामुळे एकाच पेशीपासून वाढवलेल्या डिशमध्येही सगळ्या पेशी एकदम थकत नाहीत.

---

स्नेहल_ठाणे

डॉक्टरांना फोन केला. आजोबांचं ऐकून त्यांनी लगेच नोंद करून घेतली. भाचीचं रक्त दाता म्हणून जुळतंय, पण आधी तिची तपासणी करायची असं तेही म्हणाले. दोघांचे नमुने सोबतच पाठवणार आहेत. अहवालात लिम्फोसाइट वेगळ्या दिलेल्या असतील का, हे विचारून घेतलं. असतील म्हणाले.